खरेदीखत राहून गेलेला फ्लॅट

जुलै २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यात एक नवरा-बायको जाडजूड फाइल घेऊन माझ्या ऑफिसात आले. दोघंही नोकरदार. पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला त्यांचा दोन बेडरूमचा फ्लॅट होता आणि तो विकून थोडा मोठा घ्यायचा विचार होता. गिऱ्हाईक ठरलं होतं, विसारही हातात आला होता. पण गिऱ्हाइकाच्या बँकेच्या वकिलाने सर्च रिपोर्टमध्ये एकच ओळ लिहिली आणि सगळं अडलं: सध्याच्या विक्रेत्यांच्या लाभात खरेदीखत नोंदलेले आढळून येत नाही.

"मॅडम, असं कसं लिहितात हो?" वहिनींनी फाइलमधली पावती काढून टेबलावर ठेवली. "चार लाख वीस हजार स्टॅम्प ड्यूटी भरलीय आम्ही. महापालिकेचा टॅक्स आमच्या नावावर, लाइटचं मीटर आमच्या नावावर, असोसिएशनच्या रजिस्टरला आमचं नाव. तीन वर्षं हप्ते भरतोय. मग मालक कोण, शेजारी?"

शेजारी नव्हते. मालक होते ते काका, ज्यांच्याकडून त्यांनी फ्लॅट घेतला होता. ते दीड वर्षापूर्वी अमेरिकेत मुलाकडे वारले होते आणि त्यांची मालकी एव्हाना मुलगा आणि मुलगी या दोघांकडे गेली होती. हे सांगायला मला फार वाईट वाटलं, पण कागद तेच सांगत होते.

(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. व्यवहाराचा सांगाडा आणि कायद्याचे मुद्दे जसेच्या तसे.)

२०२२ मध्ये काय झालं

इमारत सोसायटी नव्हती, अपार्टमेंट होती. म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप ॲक्ट, १९७० खाली बिल्डरने डीड ऑफ डिक्लरेशन नोंदवलेलं आणि प्रत्येक फ्लॅटधारकाला स्वतंत्र डीड ऑफ अपार्टमेंट करून दिलेलं. काकांकडे असं डीड होतं. त्यामुळे फ्लॅटची आणि जमिनीतल्या अविभक्त हिश्शाची मालकी थेट त्यांच्या एकट्याच्या नावावर होती. पुढचं सगळं समजायला हा तपशील लागणार आहे.

किंमत ठरली साठ लाख. मे महिन्यात एक लाख विसार दिला. १७ जून २०२२ ला साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, झालं, हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर नोंदलं गेलं. त्या दिवशी तेरा लाख चाळीस हजारांचा चेक. किंमत पन्नास लाखांच्या वर, म्हणून एक टक्का टीडीएस कापून साठ हजार सरकारात भरले. उरलेले पंचेचाळीस लाख बँकेचं कर्ज. ते २२ ऑगस्टला काकांच्या खात्यात जमा झाले. साठ लाख पूर्ण.

३१ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. गणपती नव्या घरात बसवायचा अशी यांची इच्छा, आणि काकांनीही मोठ्या मनाने २८ तारखेच्या रविवारी किल्ल्या दिल्या. साध्या कागदावर ताबा पावतीही लिहून दिली. साठेखतात कलम होतं: "कर्जाची रक्कम मिळाल्यावर, परंतु दिनांक ३०/०९/२०२२ पर्यंत, लिहून देणार हे लिहून घेणार यांचे लाभात कायम खरेदीखत करून देतील."

काका सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलाकडे गेले. "दसऱ्यापर्यंत येतो, मग जाऊ हवेलीला," असं म्हणून. दसऱ्याला आले नाहीत. पुढे गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, मग तिकडची थंडी, मग "पुढच्या महिन्यात नक्की" असे मेसेज. यांनीही फार पाठपुरावा केला नाही. घरात राहत होते, कुणाशी भांडण नव्हतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये काका गेले. हे दोघं फोनवर मुलीला भेटायला येतो म्हणाले, नाशिकला जाऊन आलेही. त्या भेटीत खरेदीखताचा विषय काढणं बरं दिसलं नसतं, आणि तो निघाला नाही.

कर्ज देणाऱ्या बँकेच्या मंजुरीपत्रात खरेदीखत जमा करण्याची अट होती. एकदा पत्र आलं होतं, मग तेही थांबलं. हप्ता वेळेवर येतोय तोवर असल्या अटी फाइलमध्ये झोपून राहतात, हे मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे.

"देईन" आणि "दिलं"

मी वहिनींसमोर साठेखताचं सातवं पान उघडलं आणि एक वाक्य मोठ्याने वाचायला सांगितलं. "...सदर मिळकत लिहून घेणार यांस विकण्याचे लिहून देणार यांनी मान्य व कबूल केले आहे." मग काकांचं बिल्डरकडून झालेलं डीड काढलं आणि त्यातलं वाक्य वाचायला लावलं. तिथे मिळकत "आजरोजी हस्तांतरित करून दिली आहे", "यापुढे लिहून देणार यांचा कोणताही हक्क, हितसंबंध राहिलेला नाही" अशी भाषा होती. आपल्याकडच्या जुन्या खरेदीखतांत यालाच "कायम खूष खरेदी दिली असे" म्हणतात.

फरक क्रियापदात आहे. साठेखत म्हणतं, देईन. खरेदीखत म्हणतं, दिलं. मालकी "दिलं" या शब्दाने जाते, आणि फ्लॅटच्या बाबतीत तो शब्द नोंदणी झालेल्या दस्तात लिहिलेला असावा लागतो.

हे ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्ट, १८८२ च्या कलम ५४ मध्ये स्पष्ट आहे. विक्री म्हणजे किमतीच्या बदल्यात मालकीचं हस्तांतरण, आणि शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीत ते नोंदणीकृत दस्तानेच होतं. त्याच कलमात पुढे विक्रीच्या कराराची व्याख्या आहे आणि त्याला जोडून एक वाक्य: असा करार स्वतः होऊन मिळकतीत कोणताही हितसंबंध किंवा बोजा निर्माण करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात हाच नियम ठासून सांगितला. तिथे प्रश्न करारनामा, कुलमुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र असा तीन कागदांचा जुडगा करून जागा "विकण्याचा" होता. न्यायालय म्हणालं, अशा कागदांनी मालकी जात नाही.

"पण आम्ही सगळे पैसे दिलेत ना?" दादांचा प्रश्न रास्त होता. पैसे पूर्ण दिल्याने करारातली त्यांची बाजू पूर्ण झाली. काकांची बाजू, म्हणजे खरेदीखत करून देणं, बाकी राहिली. एका बाजूने करार पूर्ण झाला म्हणून दुसऱ्या बाजूची सही आपोआप होत नाही.

स्टॅम्प ड्यूटीने केलेला घोळ

महाराष्ट्रात हा गैरसमज इतका पक्का का बसतो, त्याचं कारण मुद्रांक कायद्यात आहे. साठेखतावर पूर्ण शुल्क भरावं लागतं, आणि पूर्ण शुल्क भरलं की माणसाला वाटतं काम झालं. यांनी साठ लाखांवर सात टक्क्यांनी चार लाख वीस हजार भरले, वर तीस हजार नोंदणी फी. एवढा पैसा भरून हातात नुसतं वचन आलंय हे कुणाच्या गळी उतरणार?

महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीत अनुच्छेद २५ ला एक स्पष्टीकरण आहे. विक्रीच्या करारात ताबा दिलेला असेल, किंवा खरेदीखत होण्याआधी ताबा द्यायचं ठरलं असेल, तर तो करार मुद्रांक शुल्कापुरता अभिहस्तांतरण, म्हणजे मालकी देणारा दस्त, मानला जाईल. यात "शुल्कापुरता" हाच महत्त्वाचा शब्द. लोक साठेखतावर ताबा घेऊन खरेदीखत टाळत, त्यामुळे सरकारचं शुल्क बुडे, म्हणून ही तरतूद आली. ती शुल्क ठरवते, मालकी नाही. त्याच ठिकाणी सोयही आहे: पुढे त्याच करारानुसार खरेदीखत झालं तर आधी भरलेलं शुल्क वजा धरलं जातं. म्हणजे खरेदीखताला पुन्हा चार लाख लागत नाहीत, नाममात्र शुल्कात काम होतं. लोक खरेदीखत पुढे ढकलतात ते बऱ्याचदा "आता परत तेवढा खर्च" या भीतीने, आणि ती भीतीच खोटी असते.

फाइलमध्ये या गैरसमजाचा पुरावाही होता, फक्त कुणी वाचला नव्हता. नोंदणी झाली की सूची क्रमांक दोन मिळते, जिला सगळे इंडेक्स टू म्हणतात. तिची पहिली ओळ असते "विलेखाचा प्रकार". यांच्या सूचीत तिथे "करारनामा" असं छापलं होतं. तीन वर्षांत हा कागद टॅक्स खात्याला, असोसिएशनला, बँकेला, वीज कंपनीला दिला गेला आणि सगळ्यांनी नाव बदलून दिलं. त्यांचं चुकलं नाही, कर आणि बिल कुणाकडून वसूल करायचं एवढंच त्यांना बघायचं असतं. टॅक्सच्या पावतीवरचं नाव ही मालकी नव्हे, हे महापालिकाही सांगेल.

इथे जरा थांबून एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर सोसायटीत राहणारे वाचक उगाच घाबरतील. बिल्डरकडून थेट फ्लॅट घेतला आणि इमारतीची सहकारी सोसायटी झाली, तर प्रत्येक सभासदाच्या नावे वेगळं खरेदीखत सहसा होतच नाही. तिथे नोंदणीकृत करारनामा, ताबापत्र आणि शेअर सर्टिफिकेट हेच सभासदाचे कागद असतात. जमीन आणि इमारतीचं अभिहस्तांतरण बिल्डरने सोसायटीच्या नावे करून द्यायचं असतं. तो करून देत नसेल तर १९६३ च्या मोफा कायद्याच्या कलम ११ खाली मानीव अभिहस्तांतरणाचा मार्ग आहे. म्हणजे तिथेही "दिलं" म्हणणारा दस्त लागतोच, फक्त तो सोसायटीच्या नावे होतो. या प्रकरणात इमारत अपार्टमेंट होती, मालकी थेट काकांकडे होती, म्हणून ती काकांकडून यांच्याकडे येणारा दस्त हवाच होता.

मग साठेखताने दिलं काय?

पुष्कळ काही. साठेखत नोंदलेलं नसतं तर ही गोष्ट फार वाईट संपली असती.

पहिली गोष्ट म्हणजे ढाल. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ५३अ सांगतं की लेखी कराराने ताबा घेतला, आपल्या वाट्याचं काम केलं किंवा करायला तयार आहोत, तर विकणारा किंवा त्याच्यामार्फत हक्क सांगणारा आपल्याला बाहेर काढू शकत नाही. २४ सप्टेंबर २००१ पासून यासाठी करार नोंदणीकृत असणं बंधनकारक झालं. यांचा होता. त्यामुळे काकांच्या मुलांनी उद्या ताबा मागितला असता तर यांच्या हातात भक्कम बचाव होता. मात्र ढालीने हल्ला करता येत नाही. या कलमाच्या जोरावर कोर्टात जाऊन "आम्हाला मालक ठरवा" असं मागता येत नाही. घरात राहता येतं, घर विकता येत नाही. यांचा नेमका हाच अडसर होता.

दुसरी गोष्ट म्हणजे तिसऱ्या माणसापासून संरक्षण. समजा काकांच्या मुलाने "बाबांच्या नावावरच आहे" म्हणून फ्लॅट दुसऱ्याला विकला असता. नोंदणीकृत दस्ताची माहिती सगळ्यांना आहे असं कायदा धरतो. शिवाय घरात कोण राहतंय याची चौकशी न करणाऱ्यालाही ती माहिती होती असंच मानलं जातं. त्यामुळे नवा घेणारा "मला साठेखताची कल्पना नव्हती" असं म्हणू शकला नसता, आणि स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम १९ खाली यांना त्याच्याविरुद्धही खरेदीखत मागता आलं असतं.

तिसरी गोष्ट पैशाची. करार स्वतः बोजा निर्माण करत नाही, पण त्यापोटी दिलेले पैसे करतात. घेणाऱ्याची चूक नसताना व्यवहार फिसकटला तर दिलेल्या किमतीचा बोजा मिळकतीवर राहतो. यांना पैसे परत नकोच होते, तरी हे माहीत असणं बरं.

आणि सगळ्यात मोठं: खरेदीखत करून मागण्याचा हक्क. स्पेसिफिक रिलीफ ॲक्टमधल्या १ ऑक्टोबर २०१८ पासूनच्या दुरुस्तीनंतर कराराची प्रत्यक्ष पूर्तता करून देणं हे कोर्टाच्या मर्जीवर पूर्वीइतकं राहिलेलं नाही. काका गेल्याने हा हक्क संपत नाही, कारण मृताच्या कराराची जबाबदारी वारसांवर येते. मुलांना फ्लॅट वारशाने मिळाला, पण "खरेदीखत करून द्यायचं आहे" या ओझ्यासकट मिळाला.

या हक्काला मात्र मुदत आहे.

३० सप्टेंबर

मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे असा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. करारात पूर्ततेची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून. यांच्या करारात तारीख होती: ३० सप्टेंबर २०२२. म्हणजे दावा लावायची शेवटची तारीख ३० सप्टेंबर २०२५. हे दोघं माझ्यासमोर बसले होते तेव्हा जेमतेम अकरा आठवडे उरले होते.

दादांनी काकांचे व्हॉट्सॲप मेसेज दाखवले. "पुढच्या महिन्यात नक्की", "तब्येत बरी झाली की येतो". त्यावरून मुदत वाढली असा युक्तिवाद करता येतो, पण ज्याच्यासमोर पर्याय आहे त्याने अशा युक्तिवादावर घर लावू नये. मुदत कायद्यात हक्काची कबुली लेखी आणि सहीची लागते. मेसेजला सही म्हणायचं की नाही यावर वाद घालत बसायची वेळ आपल्यावर का आणायची?

मुदत उलटली असती तर काय? घर गेलं नसतं. करार अमलात आणण्याची मुदत संपली तरी ५३अ ची ढाल शिल्लक राहते, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सांगितलं आहे. पण ते लटकणं फार विचित्र असतं. वारस काढू शकत नाहीत, घेणारे मालक होऊ शकत नाहीत. विकता येत नाही, बँक तारण घेत नाही, आणि पुढच्या पिढीला मालकी नव्हे, एक वाद वारशात मिळतो. बारा वर्षं राहिलो की आपलंच होतं, हा कट्ट्यावरचा सल्लाही इथे चालत नाही. मालकाच्या परवानगीने, कराराखाली घेतलेला ताबा हा मालकाविरुद्धचा ताबा नसतो.

म्हणून मी दोन कामं एकाच वेळी सुरू केली. एकीकडे दोन्ही वारसांना नोटीस आणि सोबत खरेदीखताचा मसुदा. दुसरीकडे पुण्याच्या दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडे लावायच्या दाव्याचा मसुदा, तारीख रिकामी ठेवून. दावा लागला की त्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवणंही ठरवून ठेवलं. ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम ५२ ला केलेल्या मुंबई दुरुस्तीमुळे आपल्याकडे ती नोंद केल्याशिवाय, दावा चालू असताना फ्लॅट घेणाऱ्यावर दाव्याचं बंधन येत नाही.

ताई आणि त्यांचा भाऊ

मुलगी नाशिकला. त्यांनी नोटीस मिळताच फोन केला, आवाजात राग होता. "बाबांनी कुणाला फसवलं नाही कधी. नोटीस कशाला? आधी एक फोन केला असता तर?" बरोबर होतं त्यांचं. मी सांगितलं, फोन आधीच करायला हवा होता, दोन वर्षांपूर्वी. आता तारीख जवळ आलीय म्हणून कागद पाठवावा लागला.

त्यांची एक शंका मात्र खरी होती आणि तिथे व्यवहार अडू शकला असता. बाबांचं पासबुक घेऊन त्यांनी सगळी बेरीज केली होती. एक लाख, तेरा लाख चाळीस हजार, पंचेचाळीस लाख. एकूण एकोणसाठ लाख चाळीस हजार. "साठ हजार कुठे आहेत?" यांनी टीडीएसचं २६क्यूबी चलन आणि काकांच्या नावाचं १६बी प्रमाणपत्र काढून दिलं. ताईंनी बाबांच्या सीएंना विचारलं, बाबांच्या २६एएस या कर-विवरणात ते साठ हजार दिसत होते आणि त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये वजाही झाले होते. मोबदला पूर्ण पोचल्याचा वाद तिथेच मिटला. फ्लॅट घेणाऱ्यांपैकी बरेचजण १६बी डाउनलोड करून विकणाऱ्याला देतच नाहीत. यांनी दिलं होतं आणि स्वतःकडे प्रतही ठेवली होती, हे नशीब.

मुलगा अमेरिकेत. त्याने पहिल्या ईमेलमध्ये विचारलं की आता तिथे दर वाढले आहेत, तर सही करायचे पाच लाख मिळतील का. माणूस वाईट नव्हता, कुणीतरी मित्राने सांगितलं असावं. मी उत्तरात एवढंच लिहिलं की किंमत २०२२ मध्ये ठरली, पूर्ण मिळाली आणि निम्मी त्याच्याही वाट्याला आली. आता सहीसाठी पैसे मागितले तर तो नकार धरला जाईल आणि दाव्याचा खर्चही मागितला जाईल. पुढचं काम ताईंनी केलं. भावाला त्या काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण चार दिवसांनी "प्लीज सेंड द ड्राफ्ट" असा मेल आला.

त्याने बहिणीच्या नावे कुलमुखत्यारपत्र केलं. परदेशात राहणाऱ्याच्या मुखत्यारपत्रावर इथे दस्त नोंदवायचा तर ते तिथल्या नोटरीसमोर किंवा भारतीय वकिलातीत केलेलं आणि साक्षांकित असावं लागतं. त्याने नोटरीसमोर सही करून त्यावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं सरकारी प्रमाणन, घेतलं. मूळ कागद कुरिअरने आला, इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करायचा असतो, तो लगेच करून घेतला. काकांचा मृत्यूचा दाखलाही तिथूनच अपोस्टिलसह आला. काकू आधीच गेल्या होत्या, मृत्युपत्र नव्हतं, म्हणून हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलगा आणि मुलगी हेच दोन वारस. दोघांचीही वारसाबद्दल प्रतिज्ञापत्रं घेतली. वारसांत वाद असता तर १८२७ च्या मुंबई विनियम ८ खाली कोर्टातून वारस दाखला काढावा लागला असता, आणि सप्टेंबर त्यातच सरला असता.

सगळे कागद ११ सप्टेंबरला तयार होते. मी १५ तारीख सुचवली. ताई म्हणाल्या, "पितृपक्षात बाबांच्या घराचे कागद? नको मॅडम. घटस्थापना झाली की या."

घटस्थापना २२ सप्टेंबरला होती. म्हणजे मुदतीला आठ दिवस. मी ताईंना काही बोलले नाही, पण दाव्याच्या मसुद्यावर या दोघांच्या सह्या घेतल्या, वकीलपत्र घेतलं, कोर्ट फीची रक्कम तयार ठेवायला सांगितली. हवेलीला सर्व्हर बंद पडला, ताईंना ताप आला, काहीही झालं तरी २९ ला दावा लागणार होता.

२४ सप्टेंबर

बुधवारी अकराच्या सुमाराला ताई नाशिकहून आल्या. खरेदीखतात लिहून देणार क्रमांक एक त्या स्वतः, क्रमांक दोन भाऊ, त्याच्या वतीने मुखत्यार म्हणून पुन्हा त्याच. मजकुरात मी चार गोष्टी कटाक्षाने घातल्या होत्या. जून २०२२ च्या साठेखताचा दस्त क्रमांक आणि त्यावर भरलेलं शुल्क, जे या दस्तात वजा धरायचं. साठ लाखांचा हप्तेवार तपशील, टीडीएससकट. काकांच्या मृत्यूचा आणि वारसांचा खुलासा. आणि ते वाक्य, ज्यासाठी सगळी धावपळ: सदर मिळकत आजरोजी कायम खरेदी दिली असून लिहून देणार यांचा अगर त्यांचे वारसांचा त्यावर कोणताही हक्क राहिलेला नाही.

ताईंनी ते वाक्य दोनदा वाचलं. मग अंगठा मशीनवर ठेवला, कॅमेऱ्याकडे बघितलं.

इथे एक बारकी गोष्ट. हा दस्त मागे जाऊन २०२२ पासून मालकी देत नाही. नोंदणी झालेला दस्त त्याच्यावर सही झाल्याच्या दिवसापासून लागू होतो, म्हणजे हे दोघं मालक झाले २४ सप्टेंबर २०२५ ला. मधली तीन वर्षं ते ताबेदार होते, करार केलेले आणि पैसे दिलेले, पण मालक नव्हते. काकांवर या काळात एखाद्याचा हुकूमनामा झाला असता आणि फ्लॅटवर जप्ती आली असती, तर यांना साठेखत घेऊन कोर्टात पळावं लागलं असतं. तसं काही झालं नाही, याचं श्रेय काकांच्या सचोटीला. कागदाला नाही.

हे सगळं टळलं असतं २२ ऑगस्ट २०२२ च्या एका सकाळी. रिसेलच्या व्यवहारात कर्जाचा चेक आणि खरेदीखत एकाच दिवशी, हवेलीच्याच आवारात करण्याची पद्धत आहे. विकणारा सही करतो, दस्ताचा क्रमांक पडतो आणि मग बँकेचा माणूस चेक त्याच्या हातात देतो. काका त्या दिवशी पुण्यातच होते. बँकेने रक्कम थेट खात्यात जमा केली आणि खरेदीखत "सप्टेंबरात करू" म्हणून राहिलं. जाण्याआधी काकांनी मुखत्यारपत्र देऊन ठेवलं असतं तरी त्याच्यावर विसंबणं धोक्याचंच, कारण साधं मुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं.

ऑक्टोबरात दिवाळीआधी नव्या गिऱ्हाइकाच्या बँकेला दोन्ही सूची मिळाल्या. एकीवर विलेखाचा प्रकार "करारनामा", दुसरीवर "सेल डीड". सर्च रिपोर्टमधली ती ओळ निघाली. आता लिहून देणाऱ्यांच्या जागी हे दोघं होते, आणि नव्या साठेखताच्या मसुद्यात वहिनींनी स्वतः पेनाने एक दुरुस्ती केली. "कर्जाची रक्कम मिळाल्यावर खरेदीखत करून देतील" यातलं "मिळाल्यावर" खोडून त्यांनी लिहिलं: "मिळते वेळी, त्याच दिवशी."